समुद्रातल्या ऑक्सिजनचा हिशेब: बनतो किती, उरतो किती?

मीरा_बदलापूर
१८ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार. लेक सातवीत आहे, पुढच्या महिन्यात शाळेत विज्ञान प्रदर्शन. तिने विषय घेतलाय समुद्रातले वनस्पतीप्लवक, म्हणजे फायटोप्लँक्टन. तक्त्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं ठरलं होतं: "आपला दर दुसरा श्वास समुद्रातून येतो." पण आकडे जमेनात. एका ठिकाणी ५० टक्के, दुसरीकडे ७०, तिसरीकडे ८५. मी म्हटलं ५० लिही, निदान त्याबद्दल कुणाचं भांडण दिसत नाही.

मग तिने मला विचारलं, "आई, हे जीव सगळे मेले तर आपण किती दिवसांत गुदमरू?" मला उत्तर देता आलं नाही. ती खरंच घाबरली होती, म्हणून काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची नाहीये. कुणी नीट समजावून सांगेल का?

---

सह्यभटक
१८ सप्टेंबर, रात्री १०:१२

५० टक्के बरोबर आहे. उरलेल्यात वीस टक्के ॲमेझॉनचं जंगल देतं, म्हणून तर त्याला पृथ्वीची फुप्फुसं म्हणतात. बाकी आपली जंगलं आणि शेती. समुद्रातले जीव मेले तर हवेतला ऑक्सिजन निम्म्यावर येईल, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या छावणीत असतो तेवढा. लगेच मरणार नाही, पण धाप लागेल. मुलीला हे उदाहरण सांगा, पटकन कळेल.

---

स्टार्च_निळा
१८ सप्टेंबर, रात्री ११:०५

मीराताई, तक्ता अजून रंगवू नका.

सह्यभटक, निम्म्याचा आकडा ठीक आहे, पण तो बनण्याचा आकडा आहे, उरण्याचा नाही. १९९८ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून जमीन आणि समुद्र दोन्हींचं गणित एकत्र मांडलं गेलं, त्यात प्रकाशसंश्लेषणाने वर्षभरात बांधल्या जाणाऱ्या कार्बनपैकी समुद्राचा वाटा साधारण ४६ टक्के निघाला. ७० आणि ८५ कुठून आले याचा माग काढत गेलं की हाताला काही लागत नाही. पण बनलेला ऑक्सिजन हवेत साठतो असं जे तुम्ही धरलंय, तिथे गडबड आहे. ॲमेझॉनच्या बाबतीतही तेच. ते जंगल जेवढा बनवतं जवळपास तेवढाच तिथली झाडं, बुरशी, वाळवी आणि जमिनीतले जीवाणू मिळून वापरतात.

मी एका समुद्रविज्ञान प्रयोगशाळेत बावीस वर्षं पाण्यातला ऑक्सिजन मोजला. टायट्रेशन हाच माझा दिवस. मुलीला समजेल असा एक प्रयोग सांगते. १९२७ मध्ये नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये गार्डर आणि ग्रान या दोघांनी तो केला आणि आजही कॉलेजच्या प्रात्यक्षिकात तो असतो.

एकाच ठिकाणचं पाणी काचेच्या तीन बाटल्यांत भरायचं. पहिलीतला ऑक्सिजन लगेच मोजायचा. दुसरी पारदर्शक. तिसरीला काळा कागद किंवा फॉइल गुंडाळायचं, प्रकाशाचा कणही आत जाता कामा नये. या दोन्ही दोरीला बांधून, पाणी जिथून घेतलं त्याच खोलीवर पहाटे सोडायच्या आणि संध्याकाळी वर काढायच्या. पारदर्शक बाटलीत प्लवक ऑक्सिजन बनवतात आणि वापरतातही. काळ्या बाटलीत फक्त वापरतात.

समजायला सोपे व्हावेत म्हणून आकडे गोल करून देते. सकाळी लिटरला ६.४ मिलिग्रॅम. संध्याकाळी पारदर्शक बाटलीत ७.६, काळीत ५.८. म्हणजे बारा तासांत ०.६ वापरला गेला आणि ७.६ वजा ५.८, म्हणजे १.८ बनला. पण रात्र अजून जायची आहे. रात्री सगळी खाडीच काळी बाटली असते, आणखी ०.६ जातो. चोवीस तासांत १.८ बनला, १.२ गेला, ०.६ उरला. हे पाण्याच्या वरच्या एका मीटरमधलं.

आता तोच प्रयोग दहा मीटर खाली. उजेड कमी, दिवसभरात ०.६ बनतो. वापर मात्र दिवसाचा ०.५ आणि रात्रीचा ०.५. चोवीस तासांचा हिशेब ०.४ ने तोट्यात. त्याखाली अंधार आहे, तिथे काही बनतच नाही, नुसता खर्च.

वरून खालपर्यंत सगळं पाणी धरून बेरीज केली की समुद्राची शिल्लक जवळजवळ शून्यावर येते. मुलीला या दोन बाटल्या दाखवा. तक्त्यापेक्षा त्या जास्त सांगतील.

---

अनिकेत_ह्यूस्टन
१९ सप्टेंबर, सकाळी ७:३०

ताई, फार छान. मी इंजिनिअर आहे, म्हणून लगेच आकडेमोड करून पाहिली. हवेत आज सुमारे १२ लाख अब्ज टन ऑक्सिजन आहे. समुद्रातले प्लवक वर्षाला साधारण ४८ अब्ज टन कार्बन बांधतात, त्या हिशेबाने १३० अब्ज टनांच्या आसपास ऑक्सिजन सुटत असेल. १२ लाखांना १३० ने भागलं तर ९,००० वर्षांहून जास्त. म्हणजे प्लवकांनी उद्या काम थांबवलं आणि बाकी सगळं आजच्यासारखं चालू राहिलं, तरी साठा संपायला इतकी वर्षं लागतील. त्यात शिल्लक शून्य! मग प्लवकांचा आपल्या श्वासाशी संबंधच नाही असं सरळ लिहायला काय हरकत आहे?

---

स्टार्च_निळा
१९ सप्टेंबर, सकाळी ९:१५

अनिकेत, भागाकार बरोबर, निष्कर्ष चुकला. मी "जवळजवळ शून्य" म्हटलं होतं. सगळी गोष्ट त्या "जवळजवळ"मध्ये आहे.

प्लवकाच्या एका पेशीने जेवढं अन्न बनवलं त्याच्या जोडीला तेवढा ऑक्सिजन बाहेर पडला. ती पेशी कुणी खाल्ली, किंवा कुजली, की ते अन्न जाळायला तेवढाच ऑक्सिजन परत लागतो. अन्न आणि ऑक्सिजन हे एकाच पावतीचे दोन तुकडे आहेत. ऑक्सिजन मागे राहायचा असेल तर त्याच्या जोडीचं अन्न कुणीही न खाता चिखलात गाडलं गेलं पाहिजे. समुद्रात असं हजारातल्या दोन-चार भागांचंच होतं. बाकी सगळं कोपेपॉड नावाचे बारीक प्राणी खातात, मासे खातात, जीवाणू खातात.

ते दोन-चार भाग कोट्यवधी वर्षं साठत गेले. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन पहिल्यांदा टिकू लागला तो नीलहरित जीवाणूंमुळे, तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं. आज आपण ओढतो तो श्वास त्या जुन्या ठेवीतला आहे. म्हणून मीराताई, मुलीला सांगा, गुदमरणार नाही. उपासमार मात्र होईल, आणि ती समुद्रात काही दिवसांतच सुरू होईल.

---

मीरा_बदलापूर
१९ सप्टेंबर, सकाळी ९:४८

तिला वाचून दाखवलं. तिने लगेच विचारलं, "मग आपण ती ठेव खर्च करतोय का? कोळसा म्हणजे ते गाडलेलं अन्नच ना?" मी गप्प झाले.

---

स्टार्च_निळा
१९ सप्टेंबर, सकाळी १०:०२

हुशार आहे. हो, तेच. कोळसा जमिनीवरच्या झाडांचा, खनिज तेल बहुतांशी समुद्रातल्या प्लवकांचं. ते जाळताना त्याच्या जोडीचा ऑक्सिजन परत जातो. राल्फ कीलिंग नावाचे शास्त्रज्ञ १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून हे हवेत मोजत आले आहेत. दरवर्षी दहा लाख भागांत साधारण चार भाग कमी होतो. हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के आहे, त्यामुळे शंभर वर्षं असंच चाललं तर ०.०४ टक्के घटेल. श्वासाला फरक पडणार नाही. त्याच जाळण्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची चिंता वेगळी आणि खूप मोठी आहे.

---

शेततळे_माढा
१९ सप्टेंबर, दुपारी १:२०

विषय समुद्राचा आहे हे माहीत आहे, पण माझी अडचण याच्याशी जोडलेली वाटते म्हणून लिहितो. कागद अंथरलेलं शेततळं आहे, रोहू आणि कटला सोडलाय. पाणी हिरवं व्हावं म्हणून शेण आणि सुपर फॉस्फेट टाकलं, तसंच सांगितलं होतं. पाणी मस्त हिरवंगार झालं. मला वाटलं, जितकं हिरवं तितका ऑक्सिजन जास्त. पण गेल्या आठवड्यात तीन दिवस आभाळ होतं आणि चौथ्या दिवशी पहाटे पाचला सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. चाळीस-पन्नास मेले, तेही मोठे. दुपारी दोनला किटने ऑक्सिजन मोजला तर ११ आला! दुकानदार म्हणतो पाण्यात रोग आहे, औषध टाका. औषध कुठलं टाकू?

---

स्टार्च_निळा
१९ सप्टेंबर, दुपारी ३:३०

दादा, औषध टाकू नका. तुमचं तळं म्हणजे मी काल सांगितलेली बाटलीच आहे, तुम्ही चुकीच्या वेळी मोजलंत एवढंच.

दुपारी दोनला उत्पादनाचा कळस असतो, म्हणून ११. तेच दाट हिरवे प्लवक रात्रभर ऑक्सिजन ओढतात, त्यात मासे, शिल्लक खाद्य, तळाचं शेण. सगळ्यात कमी आकडा सूर्योदयाच्या जरा आधी मिळतो, त्या वेळी मोजा. आभाळाच्या दिवसांत जमा घटते आणि खर्च तेवढाच राहतो, तिसऱ्या-चौथ्या रात्री खातं रिकामं होतं. मोठे मासे आधी जातात ही ऑक्सिजन कमी पडल्याची ठळक खूण आहे. रोग असता तर मरतूक रोज थोडी थोडी, दिवसाच्या कुठल्याही वेळी झाली असती.

एक पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडा आणि ती दिसेनाशी कुठे होते ते बघा. ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. वीसच्या आत गेली तर हिरवळ फार दाट झाली आहे. शेण, खत आणि खाद्य थांबवा. तळाचं थोडं पाणी काढून नवीन घाला. एरेटर असेल तर मध्यरात्रीपासून उन्हं येईपर्यंत चालवा. दुपारी चालवलात तर जास्तीचा ऑक्सिजन उलट हवेत निघून जातो.

---

सुरमईप्रेमी
१९ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

अन्नाची बाजू राहून जाते आहे. वर "उपासमार काही दिवसांत" असं लिहिलंय, ते जरा जास्त वाटलं. जंगल तोडलं तरी हरणं काही दिवस तग धरतात की.

---

स्टार्च_निळा
१९ सप्टेंबर, संध्याकाळी ७:४५

जंगलात साठा असतो, समुद्रात नसतो. जमिनीवरच्या झाडाझुडपांत मिळून सुमारे ४५० अब्ज टन कार्बन आहे, समुद्रातल्या सगळ्या वनस्पतीप्लवकांत एका अब्ज टनाच्या आसपास. तरीही दोघांचं वर्षाचं उत्पादन जवळपास सारखं. हे कसं जमतं? समुद्रातलं पीक आठवड्याभरात पूर्ण खाल्लं जातं आणि पूर्ण नव्याने उगवतं. खोड नाही, लाकूड नाही, मुळात साठवलेलं काही नाही. पेशी दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होतात आणि तितक्याच वेगाने कुणाच्या तरी पोटात जातात. समुद्र हिरवा दिसत नाही याचं एक कारण तेच, उगवलेलं मागे राहतच नाही.

ताटातल्या माशावर येते. आपली तारली सरळ डायटम नावाचे वनस्पतीप्लवकच खाते, तिच्या कल्ल्यांत बारीक गाळणी असते. केरळच्या किनाऱ्यावर फ्रॅजिलॅरिया ओशिॲनिका नावाचा डायटम दिसला की तारली येते, हे १९५०च्या दशकापासून नोंदलेलं आहे. खाल्लेल्यातला साधारण दहावा हिस्सा अंगी लागतो, बाकी जगण्यात जळतो. म्हणजे एक किलो तारलीमागे दहा किलो डायटम. सुरमई तारली खाते, म्हणून एक किलो सुरमईमागे शंभर किलो डायटम. खोल समुद्रात मात्र प्लवक इतके बारीक असतात की तारलीच्या गाळणीतून निसटतील. तिथे आधी एकपेशीय जीव त्यांना खातात, त्यांना कोपेपॉड, त्यांना छोटे मासे, आणि मग ट्यूना. प्रत्येक पायरीला दहाने भागत जा. मासे किनाऱ्याजवळ आणि जिथे खालचं पाणी वर येतं तिथे का दाटतात, ते यातून कळेल.

दहावा हिस्सा हा सरासरीचा ठोकताळा आहे, प्रत्यक्षात तो बराच कमीजास्त होतो. आणि "जगण्यात जळतो" म्हणजे ऑक्सिजन परत घेतला. सुरमईच्या एका तुकडीमागे बनलेला जवळजवळ सगळा ऑक्सिजन वाटेतच खर्ची पडलेला असतो.

---

सह्यभटक
१९ सप्टेंबर, रात्री ८:२०

ॲमेझॉनचं माझं चुकलं होतं, मान्य. पण मग तारली मधल्या काही वर्षांत केरळात एकदम कमी का झाली? २०१२ मध्ये विक्रमी सापडली आणि नंतर काही वर्षांत बाजारातून जवळजवळ गायब. डायटम कमी झाले म्हणूनच ना?

---

तांडेल_मालवण
१९ सप्टेंबर, रात्री ९:५५

तारलीचा सांगतंय. पिल्लां पकडली, मिनी पर्ससीनवाल्यांनी थवेच्या थवे उचलले, दुसरा काय? डायटम कशाक दोष देतास.

माझा वेगळा विचारायचा आसा. गणपती झाल्यावर, घटस्थापनेच्या आसपास, आमी बारा-पंधरा वावात जाळा टाकतो तेव्हा तळचा काय गावनाच नाय. लेपो नाय, कोळंबी नाय, कुर्ल्यो वर येतत त्यो मेलेल्यो. तीच कोळंबी तेव्हा किनाऱ्याक लागान पाच-सहा वावात गावता. कधी कधी जाळ्याक कुजक्या अंड्याचो वास येता. वडील सांगायचे दर्याचा पोट बिघाडला. दिवाळीनंतर आपसूक बरा होता. पाणी वरून बघशात तर हिरवागार, प्लवक भरपूर. ताईंच्या हिशेबान ऑक्सिजन भरपूर व्हयो. मग तळाक मरतत कशान?

---

स्टार्च_निळा
१९ सप्टेंबर, रात्री ११:३०

तांडेल, तुमच्या वडिलांनी बघितलं ते आमच्याकडे बाटलीत येतं. गोव्यात कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत, २५-३० मीटर खोलीवर एक ठरलेली जागा आहे. १९९७ पासून दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक तिथे वर्षभर जाऊन पाणी मोजत आले. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचा ऑक्सिजन शून्यावर येतो. तुमचे पंधरा वाव म्हणजे जवळपास तीच खोली.

क्रम असा आहे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि बाहेरच्या खोल समुद्रातलं गार पाणी तळाने किनाऱ्याकडे वर चढतं. या पाण्यात नैसर्गिक खत भरपूर, ऑक्सिजन मात्र आधीच कमी. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत ऑक्सिजन जवळजवळ नसलेला एक जाड थर आहे, त्याच्या वरच्या कडेचं हे पाणी. त्याच वेळी नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी समुद्रावर पसरतं. ते हलकं, पाच-दहा मीटर जाडीचं झाकण घातल्यासारखं वर बसतं. त्यामुळे हवेतला ऑक्सिजन खाली उतरत नाही.

आता प्लवक. झाकणाच्या थरात ऊन आहे, खालून थोडं खत मिळतं, ते माजतात, तुम्हाला पाणी हिरवंगार दिसतं. त्यांनी बनवलेला ऑक्सिजन वरच राहतो, जास्तीचा हवेत जातो. पण त्यांनी बनवलेलं अन्न, म्हणजे मेलेल्या पेशी आणि कोपेपॉडची विष्ठा, खाली बसतं. पावतीचा एक तुकडा वर राहिला, दुसरा तळाला गेला. तळाचे जीवाणू ते जाळायला तिथला उरलासुरला ऑक्सिजन वापरून टाकतात. तो संपला की नायट्रेट वापरतात, तेही संपलं की सल्फेट. सल्फेट वापरलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. जाळ्याला येणारा कुजक्या अंड्याचा वास तोच. कोळंबी पळू शकते म्हणून उथळ पाण्यात येते, कुर्लीला तेवढं पळता येत नाही.

नोव्हेंबरनंतर प्रवाह उलटतो, झाकण मोडतं, पाणी ढवळलं जातं. दिवाळीनंतर बरं होतं ते म्हणून.

म्हणजे वर जितकं जास्त पिकतं तितका तळ जास्त गुदमरतो. शेततळ्यात हे रात्री-दिवसात घडतं, इथे वर-खाली घडतं.

सह्यभटक, तारलीबद्दल मी ठाम बोलणार नाही. एल निनो, तापमान, डायटमचा हंगाम पुढेमागे होणं आणि तांडेल म्हणतात ती पिल्लांची मासेमारी, सगळ्यांच्या बाजूने बोलणारे संशोधक आहेत. तारली याआधीही, मोठी जाळी यायच्या आधीसुद्धा, मधूनच नाहीशी झाल्याच्या नोंदी आहेत.

---

अनिकेत_ह्यूस्टन
२० सप्टेंबर, सकाळी ६:५०

मग हे सगळं नदीतून येणाऱ्या रासायनिक खतांमुळे ना? इथे मेक्सिकोच्या आखातात अगदी असंच होतं, मिसिसिपी नदीतून शेतांचं खत येतं आणि दर उन्हाळ्यात किनाऱ्याजवळ मृत पट्टा तयार होतो.

---

स्टार्च_निळा
२० सप्टेंबर, सकाळी ८:४०

तुमच्याकडे मुख्य दोष खताचा, हे पक्कं आहे. आपल्याकडे मूळ घटना नैसर्गिक आहे, तांडेलांच्या वडिलांच्याही आधीपासूनची. खतामुळे आणि तापणाऱ्या समुद्रामुळे ती वाढली का, हा वाद चालू आहे. २००० साली समुद्रशास्त्रज्ञ नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तीव्र होत असल्याचं मांडलं होतं. वर्षावर्षांत फरक मोठा असतो, एखाद्या वर्षी वास येतो, एखाद्या वर्षी नाही. त्यामुळे कल सांगायला लांबलचक नोंदी लागतात.

---

मीरा_बदलापूर
२० सप्टेंबर, दुपारी १२:१५

एक छोटा प्रश्न. मागे गुहागरला रात्री लाटा निळ्या चमकत होत्या. लेक म्हणते तेही फायटोप्लँक्टन, म्हणून तक्त्यावर हवं. घालू का?

---

स्टार्च_निळा
२० सप्टेंबर, दुपारी १:००

चमकणारा बहुतेक नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव असावा. आपल्या किनाऱ्यावर चमकणारा प्रकार स्वतः प्रकाशसंश्लेषण करत नाही, तो डायटम खातो. म्हणून त्याला उत्पादकांत घालू नका, खाणाऱ्यांत घाला. अरबी समुद्राच्या उत्तरेला हिवाळ्यात हिरवा नॉक्टिल्युका माजतो, त्याच्या पोटात हिरवे शैवाल जिवंत राहून अन्न बनवतं. तो मात्र दोन्हीकडे बसतो. त्याला कोपेपॉड फारसं खात नाहीत, साल्पसारखे जेलीदार जीव खातात, आणि त्यांच्यापासून माशांकडे फार थोडं पोचतं.

---

शेततळे_माढा
२१ सप्टेंबर, सकाळी ७:०५

ताई, पहाटे साडेपाचला मोजलं. १.८. दुपारी परत १० च्या वर होता. ताटली १६ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली. खत-खाद्य बंद केलं, रात्री एरेटर चालवतोय. दुकानदाराचं औषध परत केलं.

---

तांडेल_मालवण
२१ सप्टेंबर, सकाळी ९:३०

माझ्या मेव्हण्याचो कोळंबीचो तलाव आसा. तेच्याकडे ऑक्सिजनचा किट आसा, थेंब टाकूचा. परवा बोटीर घेऊन जातंय. तळचा पाणी वर कसा काढू? बाटली वजन बांधून सोडली तर वाटेतच भरतली.

---

स्टार्च_निळा
२१ सप्टेंबर, सकाळी १०:१०

बाटलीला बूच घाला आणि बुचाला वेगळी दोरी. वजनाने तळाच्या दोन हात वर पोचली की दोरीला हिसका द्या, बूच निघेल, बाटली भरेल. पण रिकाम्या बाटलीतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि जाताना पाण्यात ऑक्सिजन मिसळते, आकडा खोटा वाढतो. म्हणून मोठा डबा घ्या. त्याच्या झाकणाला दोन नळ्या बसवा. एक नळी डब्यात ठेवलेल्या छोट्या बाटलीच्या तळापर्यंत जाऊ द्या, दुसरी झाकणाखालीच संपवा, हवा तिच्यातून बाहेर जाईल. हिसक्याची बुचं आता या नळ्यांच्या वरच्या तोंडांना लावा. पाणी आधी छोट्या बाटलीत शिरेल आणि तिच्या तोंडावरून वाहत डबा भरेल. असं बाटलीतलं पाणी तीन-चार वेळा बदललं जातं आणि हवा लागलेलं पाणी निघून जातं.

वर काढल्याबरोबर छोटी बाटली पाण्यातच बूच लावून बाहेर घ्या. आत एकही बुडबुडा नको. किटमधले पहिले दोन थेंबांचे डबे असतात, एक मँगनीजचा आणि एक अल्कलीचा. ते घातले की साका बसतो. अल्कली हाताला लागू देऊ नका, चामडी जळते, हातमोजे घाला. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, जितका गडद तितका जास्त. ऑक्सिजन नसेल तर साका पांढरा राहतो. एक बाटली वरच्या पाण्याचीही करा, शेजारी ठेवायला.

---

तांडेल_मालवण
२३ सप्टेंबर, रात्री १०:४०

चौदा वावात केला. वरच्या पाण्याचो साको गडद, कॉफीसारखो. तळच्या पाण्याचो पयल्यांदा फिकट, दूध जास्त पडलेल्या चायसारखो. दुसऱ्यांदा परत डबो सोडलंय, तो पांढरो. वास दोनय वेळा नाय. पाणी हाताक गार लागला, वरच्यापेक्षा बराच. जाळ्यात तळचा दोन कुर्ल्यो, एक जिती.

---

स्टार्च_निळा
२३ सप्टेंबर, रात्री ११:२५

खूप छान काम केलंत. वास नाही म्हणजे गंधकापर्यंत गेलेलं नाही. पहिला फिकट आला तो डब्यातल्या हवेमुळे, की खरोखरच थोडा ऑक्सिजन होता आणि दुसऱ्या वेळी बोट सरकून तुम्ही वेगळ्या पाण्यावर आलात, हे या दोन बाटल्यांवरून सांगता येणार नाही. एक जिती कुर्ली मला विचारात पाडते, साफ शून्यात ती फार वेळ तगली नसती. पुढच्या वेळी नांगर टाकून एकाच जागी तीन बाटल्या करा, आणि मधल्या सात वावावरची एक. गार पाणी नेमकं कुठे सुरू होतं ते त्यातून कळेल.

---

मीरा_बदलापूर
२४ सप्टेंबर, सकाळी ८:१५

लेकीने तक्त्यावरचं जुनं वाक्य खोडलं. आता तिला दोन बाटल्या ठेवायच्या आहेत, एक पारदर्शक आणि एक काळी, शेजारी तांडेलकाकांच्या साक्यांचे रंग. काका, वरच्या आणि तळाच्या बाटल्यांचा फोटो काढलात का? नसेल तर पुढच्या वेळी पांढऱ्या कागदासमोर ठेवून काढाल का?